महाराजांना पहिलं पत्र: आदराचा मायना आणि शिष्याचा मायना

माझ्या ओळखीतल्या एका तरुणाला आळंदीतल्या एका ज्येष्ठ कीर्तनकार महाराजांना पत्र लिहायचं होतं. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायावरचं त्यांचं निरूपण त्याने ऐकलं होतं. एकदा भेटून काही विचारावं, एवढीच त्याची इच्छा होती. त्याने केलेला मसुदा असा होता:

«परमपूज्य सद्गुरू तीर्थरूप वै. ह.भ.प. … महाराज, स. न. वि. वि. … उत्तर लवकर कळवावे. आपला लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा. आपला चरणरज शिष्य, …»

भाव खरा होता, पण पत्र जसंच्या तसं गेलं असतं तर महाराजांच्या मठातल्या माणसांना ते वाचताना अवघडल्यासारखं झालं असतं. आदराचे शब्द आणि नात्याचे शब्द त्यात एकत्र झाले होते. पत्राच्या मायन्यात हे दोन्ही एकाच जागी येतात, दोन्ही नम्र वाटतात, म्हणून सहज गल्लत होते. आदराचा शब्द समोरच्याची योग्यता सांगतो आणि तो कुणीही वापरावा. नात्याचा शब्द मात्र लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात आधीच काहीतरी ठरलेलं आहे असं सांगतो. पहिल्या पत्राच्या वेळी तसं काही ठरलेलं नसतं.

‘ह.भ.प.’, म्हणजे हरिभक्तपरायण, हा आदराचा शब्द. कीर्तन-प्रवचन करणाऱ्या वारकरी मंडळींच्या नावामागे तो लावतात आणि त्यासाठी ओळख लागत नाही. ‘सद्गुरू’ मात्र नात्याचा. वारकऱ्यांत तुळशीची माळ ज्यांच्या हातून घातली, इतर परंपरांत ज्यांच्याकडून अनुग्रह घेतला, त्यांच्यासाठी तो राखलेला असतो. माळ न घेता ‘माझे सद्गुरू’ लिहिणं म्हणजे न झालेली गोष्ट झाली असं सांगणं. ‘गुरुमाउली’चंही तेच. नुसतं ‘माउली’ म्हणायला मात्र काहीच हरकत नाही, कारण वारीत प्रत्येक जण प्रत्येकाला माउलीच म्हणतो. ‘परमपूज्य’ हा शब्द मधला आहे. तो चुकीचा नाही, पण त्या महाराजांच्या मंडळींनी छापलेल्या पत्रिकेवर तो दिसला तरच वापरावा. काही महाराज स्वतःच ह.भ.प.च्या पुढे काही लावू देत नाहीत.

‘तीर्थरूप’ आणि ‘तीर्थस्वरूप’ ही जोडी सगळ्यात जास्त चकवते. जुन्या मायन्याप्रमाणे आई-वडील आणि घरातली वडीलधारी मंडळी तीर्थरूप. जे घरचे नाहीत पण वडिलांच्या ठिकाणी आहेत, ते तीर्थस्वरूप. म्हणजे महाराजांना तीर्थरूप लिहिलं तर ते तुमचे वडील ठरतात. तीर्थस्वरूप व्याकरणाने चालेल, पण त्यातही घरोबा गृहीत आहे. पहिल्या पत्रात दोन्ही टाळलेले बरे.

त्या मसुद्यातलं सगळ्यात घातक अक्षर वेगळंच होतं: ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी. दिवंगत वारकरी सत्पुरुषांच्या नावापुढे ते लागतं, जसं १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या जोग महाराजांच्या नावाआधी आज आपण वाचतो. तरुणाने जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून मायना उतरवला आणि हयात महाराजांना वैकुंठाला धाडलं. नकलून घेताना हे हमखास घडतं, म्हणून नावामागचं प्रत्येक संक्षिप्त अक्षर उलगडून बघावं. उलगडता आलं नाही तर लिहू नये.

मग नमस्कार. ‘स. न. वि. वि.’ म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. तो बरोबरीच्या माणसाला. वडीलधाऱ्यांना ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार. एका कान्याने पत्राची पायरी बदलते. माझं मत असं, की महाराजांना लिहिताना आद्याक्षरं वापरूच नयेत. ‘साष्टांग नमस्कार’ पूर्ण लिहावं. हातात एवढा वेळ होता हे त्यातून दिसतं. वारकरी महाराज असतील तर त्याआधी ‘रामकृष्ण हरी’ शोभतं. रामदासी असतील तर ‘जय जय रघुवीर समर्थ’, महानुभाव असतील तर ‘दंडवत प्रणाम’. संन्यासी असतील तर ‘ॐ नमो नारायणाय’, आणि त्यांच्या नावात पूर्वाश्रमीचं आडनाव चुकूनही येऊ नये.

शेवटाकडे आलं की पुन्हा तीच गल्लत होते. ‘लोभ असावा’ हे मित्राला, व्याह्याला, शेजाऱ्याला. महाराजांना ‘कृपा असावी’ किंवा ‘आशीर्वाद असावा’. ‘लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा’ यात तर जुना घरोबा आहे असं धरलेलं आहे. ‘चरणरज’, ‘दासानुदास’, ‘शिष्य’ हे सहीवरचे शब्द ऐकायला फार लीन वाटतात, पण ते जागा मागतात: मला तुमच्या पायाशी घेतलंत, असं ते परस्पर जाहीर करतात. ‘आपला नम्र’ किंवा ‘आपला कृपाभिलाषी’ यांत मागणं आहे, हक्क नाही. स्वतःच्या नावामागे श्री. लावायचं नाही, आणि स्वतः कीर्तन करत असलात तरी ह.भ.प.ही नाही.

‘उत्तर लवकर कळवावे’ हे कचेरीतलं वाक्य. महाराजांकडून काही हवं असेल तर ‘आज्ञा व्हावी’ म्हणावं, आणि सवड त्यांच्यावर सोडावी. चातुर्मासात किंवा आषाढी-कार्तिकीच्या सुमारास तर उत्तर आठवडेच्या आठवडे येत नाही. त्याचा अर्थ नकार नव्हे.

शेवटी तरुणाचं पत्र असं झालं:

॥ श्री ॥

ह.भ.प. … महाराज यांचे सेवेसी,

रामकृष्ण हरी. साष्टांग नमस्कार.

मी नाशिकला राहतो आणि बँकेत नोकरी करतो. आपली माझी ओळख नाही. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायावरचं आपलं निरूपण मी ऐकलं. घरी हरिपाठ रोज होतो. ज्ञानेश्वरी मात्र मी एकट्याने वाचतो आणि बऱ्याच ठिकाणी अडतो. आपल्या सवडीने एकदा दर्शनाला यावं अशी इच्छा आहे. केव्हा यावं, याची आज्ञा व्हावी.

कळावे. कृपा असावी, ही विनंती.

आपला नम्र,
(नाव, पत्ता, फोन)

यात ‘आपली माझी ओळख नाही’ हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. ज्येष्ठ महाराजांची पत्रं बहुधा आधी एखादा सेवेकरी वाचतो, आणि हा कोण, हे त्याला पहिल्या दोन ओळींत कळावं लागतं. व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तरी मजकूर हाच ठेवावा. फक्त तो एकाच संदेशात जावा, हात जोडल्याची चित्रं न लावता, आणि नंबर सेवेकऱ्याचा असेल तर आधी एक ओळ त्याच्यासाठी वेगळी लिहावी.

उत्तर आलं की त्याचा मायना नीट वाचावा. ‘श्री. … यांस, सप्रेम रामकृष्ण हरी’ असं असेल तर पुढचं पत्रही याच पायरीवर लिहावं. ‘चि. … यास अनेक आशीर्वाद’ असं आलं, तर महाराजांनी तुम्हाला घरातलं मानलं आहे. आता ‘तीर्थस्वरूप’ लिहायला हरकत नाही. ‘सद्गुरू’ मात्र माळ घेतल्यावरच.