कामाचे दिवस आणि लागणारा काळ : पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमधील दोन वेगळी मोजमापे

पीएच.डी.च्या सिनॉप्सिसमध्ये वेळापत्रक आणि अंदाजपत्रक ही दोन प्रकरणे सहसा शेवटी आणि घाईत लिहिली जातात. त्यांतील बहुतेक चुका एकाच ठिकाणी उगम पावतात. एखाद्या कामासाठी प्रत्यक्ष किती दिवस राबावे लागेल आणि ते काम सुरू होऊन पूर्ण होईपर्यंत किती काळ जाईल, या दोन प्रश्नांची उत्तरे वेगळी असतात. तरी आराखड्यात ती एकच समजून लिहिली जातात. परवानगीचा अर्ज दोन दिवसांत तयार होतो, पण परवानगी हातात येईपर्यंत दोन महिने सरतात. पहिला आकडा कामाच्या दिवसांचा आहे आणि दुसरा लागणाऱ्या काळाचा. वेळापत्रक दुसऱ्या आकड्यावर उभे राहते, तर अंदाजपत्रकाचा मोठा भाग पहिल्यावर.

हा फरक एका कल्पित, पण आपल्या भागात सहज शक्य असलेल्या विषयावरून पाहू. बेळगावात राहणाऱ्या एका संशोधक विद्यार्थिनीला खानापूर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळांमधील वाचनशिक्षणाचा अभ्यास करायचा आहे, असे समजा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी कोर्सवर्क धरून तीन वर्षे आणि कमाल सहा वर्षे आहे. कोर्सवर्क संपल्यावर तिने प्रत्यक्ष संशोधनासाठी दोन वर्षे ठरवली आहेत आणि ही दोन वर्षे जानेवारीत सुरू होणार आहेत. नमुन्यात २४ शाळा आहेत. प्रत्येक शाळेत दोन दिवस जायचे, एक दिवस वर्गनिरीक्षण आणि शिक्षकाची मुलाखत, दुसरा दिवस दोन पालकांच्या मुलाखती. म्हणजे शाळाभेटींचे ४८ दिवस आणि एकूण ७२ मुलाखती.

येथवर सर्व आकडे कामाच्या दिवसांचे आहेत. नेमकी येथेच अनेक जण ४८ दिवस म्हणजे सुट्या धरून सुमारे दोन महिने, सावधगिरीसाठी आणखी एक, असा हिशेब करतात आणि तक्त्यात ‘माहिती संकलन : ३ महिने’ अशी ओळ लिहून मोकळे होतात. गणित चुकलेले नाही. मोजमाप चुकलेले आहे. शाळा कधी उघडी असते, तिथपर्यंत कधी पोहोचता येते आणि माणसे कधी भेटतात, हे त्या ४८ मध्ये कुठेच मोजलेले नाही.

आता लागणारा काळ मोजू. कर्नाटकातील शाळा साधारण एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात उन्हाळी सुटीसाठी बंद होतात आणि मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीस उघडतात. त्याआधीचे फेब्रुवारी आणि मार्च हे परीक्षांचे महिने असतात, तेव्हा वर्गात नेहमीसारखे शिकवणे चाललेले नसते. त्यामुळे त्या दिवसांत केलेले निरीक्षण खरे चित्र देत नाही. दसऱ्याच्या आगेमागे दोन-तीन आठवड्यांची सुटी असते. जुलै-ऑगस्टमध्ये जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यातील पाऊस इतका असतो की रस्ते आणि बससेवा यांचा भरवसा धरता येत नाही, शिवाय अतिवृष्टीमुळे शाळांना ऐनवेळी सुटी जाहीर होते. पाऊस ओसरल्यावर रस्ते मोकळे होतात, पण भातकापणी आणि मळणी सुरू होते आणि पालक दिवसा शेतात असतात. त्यांची मुलाखत संध्याकाळीच होऊ शकते, आणि संध्याकाळच्या मुलाखतीनंतर परतीची बस मिळेल की नाही हा प्रश्न उरतोच.

या सगळ्याचा परिणाम म्हणजे नमुन्याचेच दोन भाग पाडावे लागतात. खानापूर शहर, गर्लगुंजी, नंदगड या बाजूच्या १४ शाळा पावसातही गाठता येतात. त्यांचे २८ दिवस आठवड्याला तीन भेटी या वेगाने सुमारे दहा आठवड्यांत बसतात. अचानकच्या सुट्या आणि गणेशोत्सव लक्षात घेता जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने त्यांना देणे योग्य ठरते. पश्चिमेकडील दहा शाळांचे २० दिवस आठवड्याला दोनच भेटी धरून नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत जातात. त्याआधी जूनमध्ये नमुन्याबाहेरील दोन शाळांत पूर्वचाचणी हवी, आणि त्याहीआधी परवानगी. शिक्षण खात्याच्या दृष्टीने बेळगाव जिल्ह्याचे बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत आणि खानापूर बेळगावात येते. निपाणीकडच्या शाळाही नमुन्यात घेतल्या तर अर्ज दोन उपसंचालक कार्यालयांत करावे लागतील, हे विषयाची व्याप्ती ठरवतानाच ध्यानात घ्यावे. अर्ज कन्नडमध्ये, सोबत मार्गदर्शकांचे पत्र आणि प्रश्नावलीची प्रत. त्यानंतर गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून शाळांना कळवले जाणे. याला जानेवारी-फेब्रुवारी द्यावेत.

अशा रीतीने ४८ दिवसांचे काम परवानगीपासून शेवटच्या शाळेपर्यंत तेरा महिने व्यापते. हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण त्यातील मधले महिने रिकामे नसतात. मार्च ते मे हा काळ पूर्वाभ्यास आणि प्रश्नावली पक्की करण्यासाठी वापरता येतो, आणि मुलाखतींचे शब्दांकन जुलैपासून शाळाभेटींसोबतच सुरू होऊ शकते. मात्र तक्त्यात एक ओळ संपल्यावरच दुसरी सुरू होते असे दाखवले, तर ही सोय दिसतच नाही आणि दोन वर्षे अपुरी वाटू लागतात.

विलंबाचे स्वरूपही दोन्ही मोजमापांत वेगळे असते, आणि माझ्या मते संशोधन सल्लागार समितीपुढे सर्वांत कमी बोलली जाणारी गोष्ट हीच आहे. शब्दांकनाचे काम एक आठवडा मागे पडले तर ते एका आठवड्यानेच मागे पडते. पण कणकुंबी भागातील चार शाळा जानेवारीअखेर राहून गेल्या, तर पुढे परीक्षा, मग सुटी, मग पाऊस, आणि त्यांच्यासाठी पुढची निश्चित संधी थेट नोव्हेंबरमध्ये येते. एका आठवड्याच्या चुकीची किंमत नऊ-दहा महिने होते. म्हणून राखीव वेळ प्रत्येक कामावर थोडा थोडा वाढवून पसरण्यात अर्थ नाही. तो अशा बंद होणाऱ्या काळाच्या अलीकडे एकत्र ठेवावा. आपल्या उदाहरणात पश्चिमेकडील भेटी जानेवारीच्या मध्यापर्यंत संपतील अशा बेताने आखणी करून, शेवटचे दोन आठवडे ‘राखीव’ असे स्पष्ट लिहिणे उचित. शिक्षकांना निवडणूक किंवा जनगणनेच्या कामावर घेतले जाते, तेही येथेच तपासावे. २०२७ च्या जनगणनेतील लोकसंख्या मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरलेली आहे.

आता अंदाजपत्रकाकडे वळू. प्रवास, शब्दांकन, छपाई यांचा खर्च कामाच्या मात्रेवर अवलंबून असतो. काळ लांबला म्हणून तो आपोआप वाढत नाही. विद्यापीठाचे शुल्क, इंटरनेट, ग्रंथालयाची वर्गणी हे मात्र काळाबरोबर वाढत जातात. प्रवासाच्या ओळीत ‘प्रवासखर्च : २०,००० रुपये’ असे ठोक लिहिण्याऐवजी दिवस आणि दर यांचा गुणाकार दिसला पाहिजे. आपल्या उदाहरणातील विद्यार्थिनी कर्नाटकची रहिवासी असल्यामुळे, शक्ती योजनेखाली ११ जून २०२३ पासून राज्याच्या साध्या बसमध्ये तिचा प्रवास विनामूल्य आहे. तेव्हा पूर्वेकडच्या २८ दिवसांचा बसखर्च शून्य दाखवणेच प्रामाणिकपणाचे. तीच विद्यार्थिनी चंदगडहून येणारी, महाराष्ट्राची रहिवासी असती तर ही ओळ बदलली असती. पश्चिमेकडील २० दिवस दुचाकीने, पेट्रोल आणि किरकोळ खर्च धरून दिवसाला ३०० रुपये, म्हणजे ६,००० रुपये. ध्वनिमुद्रकासाठी ४,०००, प्रश्नावल्यांच्या छपाईसाठी ३,००० आणि प्रबंधाची छपाई व बांधणी यासाठी ६,००० धरले, तर बेरीज १९,००० होते. हे दर उदाहरणापुरते आहेत; ते आपल्या गावात विचारून घ्यावेत.

उरले शब्दांकन. ७२ मुलाखती सरासरी पाऊण तासाच्या, म्हणजे ५४ तासांचे ध्वनिमुद्रण. बोलीतील, मध्येच कन्नड येणाऱ्या बोलण्याचा एक तास उतरवून काढायला सहा तास धरावेत. एकूण ३२४ तास. हे काम दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त वेळ नीट होत नाही, म्हणून आठवड्याला १५ तास धरले तर जवळजवळ २२ आठवडे होतात. अर्धे काम ध्वनिमुद्रणाच्या तासाला ६०० रुपये देऊन करून घेतले, तर १६,२०० रुपये जातात आणि स्वतःचे आठवडे ११ वर येतात. या एकाच ओळीत पैसा आणि काळ यांची अदलाबदल खरोखर शक्य आहे. परवानगीच्या किंवा पावसाच्या बाबतीत ती शक्य नाही.

कोणता पर्याय निवडायचा, हे निधी ठरवतो. यूजीसीच्या कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीत मानव्य आणि सामाजिक शास्त्रांसाठी पहिली दोन वर्षे आकस्मिक खर्च दरसाल १०,००० रुपये मिळतो. म्हणजे दोन वर्षांचे २०,०००. शब्दांकन स्वतः केले तर १९,००० त्यात बसतात, अर्धे बाहेर दिले तर ३५,२०० बसत नाहीत. मात्र बेरीज बसली तरी वर्ष बसते का, हेही पाहावे लागते. शिष्यवृत्तीचे वर्ष जानेवारीतच सुरू होते असे मानले तर ध्वनिमुद्रक, प्रश्नावल्या आणि डिसेंबरअखेरपर्यंतच्या पश्चिमेकडील १४ फेऱ्यांचे ४,२०० रुपये पहिल्या वर्षात पडतात. ही रक्कम ११,२०० होते, मर्यादेपेक्षा १,२०० ने जास्त, आणि दुसऱ्या वर्षी फक्त ७,८०० लागतात. यावर उपाय साधा आहे : ध्वनिमुद्रक विभागाकडून वापरायला मिळेल का ते विचारावे, नाहीतर ही तफावत स्वखर्चातून भागवली जाईल असे लिहावे. पण हा प्रश्न लक्षात येतो तो वेळापत्रक आणि अंदाजपत्रक शेजारी ठेवून महिन्यागणिक वाचल्यावरच.

दोन्ही मोजमापांची गल्लत झालेला आराखडा ओळखणे कठीण नाही. त्यात महिन्यांची नावे नसतात, ‘पहिली तिमाही’, ‘दुसरी तिमाही’ असे शब्द असतात. सर्व टप्पे सारख्याच लांबीचे असतात. मार्गदर्शकांना प्रकरण वाचायला लागणारे तीन-चार आठवडे कोठेच दिसत नाहीत. आणि खर्चाच्या ओळीत फेऱ्यांची संख्या नसते. अशा तक्त्यात प्रत्येक टप्प्यासमोर दोन रकाने वाढवावेत, एक कामाच्या दिवसांचा आणि दुसरा आरंभ व शेवट यांच्या महिन्यांचा, आणि खाली गृहीत धरलेल्या गोष्टी लिहाव्यात : आठवड्याला किती भेटी, परवानगीला किती आठवडे, कोणता दर. जूनमधील पूर्वचाचणीत दोन शाळांना प्रत्यक्ष किती दिवस लागले आणि एका तासाचे शब्दांकन किती तासांत झाले, हे नोंदवून ठेवावे. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे सादरीकरण करावे लागते, त्या वेळी गृहीत आकड्यांच्या जागी हे मोजलेले आकडे घालून उरलेल्या महिन्यांची मांडणी नव्याने दाखवता येते.