शब्दांविना सुरक्षा-फिल्म: तुमच्या प्रेस शॉपसाठी ती आम्ही कशी बनवतो

(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पॉवर प्रेसवर काम करणारा एक जण ओडिया बोलतो, दुसरा भोजपुरी, तिसरा मराठी, आणि भिंतीवरची सूचना इंग्रजीत. अशा शॉपसाठी आम्ही 40-45 सेकंदांची फिल्म बनवतो, जिच्यात एकही अक्षर नसतं आणि बोलणारा आवाजही नसतो. चिन्हं, हालचाल आणि ध्वनी एवढ्यावरच सगळं सांगायचं. काम देण्याआधी त्यात नेमकं काय होतं आणि काय होत नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून एक उदाहरण सविस्तर देतो.

विषय एकच: डायमध्ये जॉब अडकला

एका फिल्ममध्ये आम्ही एकच प्रसंग घेतो. हेल्मेट, बूट, आग आणि प्रेस असं सगळं एकात कोंबायला सांगितलं तर आम्ही नकार देतो. शब्द नसले की बघणाऱ्याला प्रत्येक गोष्ट स्वतः जुळवावी लागते, आणि पाचव्या गोष्टीपर्यंत पहिली विसरलेली असते.

इथे प्रसंग असा: पत्र्याचा तुकडा डायमध्ये अडकतो, माणूस मोटर बंद करतो आणि लगेच हात आत घालतो. मोटर बंद झाली तरी फ्लायव्हील फिरतच असतं. जुन्या की-क्लचच्या प्रेसमध्ये त्याच वेळी पेडलवर पाय पडला, तर रॅम पूर्ण एक स्ट्रोक मारूनच थांबतो. मध्येच तो अडवता येत नाही. म्हणून फिल्मला सांगायचं ते एवढंच: मोटर बंद करा, आयसोलेटर पाडून स्वतःचं कुलूप लावा, चावी खिशात ठेवा, चाक थांबेपर्यंत थांबा, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक ठेवा, मग चिमट्यानं तुकडा काढा.

यातल्या बहुतेक पायऱ्या चित्रात सहज येतात. कुलूप कुणाचं, हे दाखवायला कुलपावर त्याच माणसाचा फोटो असलेला टॅग काढतो. नुसत्या रंगानं ओळख पटवत नाही, कारण लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे पुरुष प्रत्येक मोठ्या शॉपमध्ये असतात. खरी अडचण दोन शब्दांची असते: ‘थांबा’ आणि ‘नको’.

‘थांबा’ कसं दाखवायचं

पहिल्या मसुद्यात आम्ही घड्याळ काढलं होतं, काटे भरभर फिरणारं. कामगारांना दाखवल्यावर काही जण म्हणाले, जेवणाची सुट्टी झाली. एक जण म्हणाला, शिफ्ट संपली. त्यांचं चुकलं नव्हतं, कारण शॉपमधलं घड्याळ त्यांच्यासाठी तेच सांगतं.

मग घड्याळ काढून टाकलं आणि चाकच मोठं दाखवलं. चाकावर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. रेघ आधी नुसता पांढरा पट्टा दिसते, मग वेगळी दिसू लागते, मग मोजता येते, मग थांबते. आवाजही तिच्याबरोबर उतरतो: घर्रर्र, घर्र, घर... आणि शांतता. तोवर माणसाचे दोन्ही हात छातीशी बांधलेले. फिल्ममध्ये हा भाग 8 सेकंदांचा आहे. एका ग्राहकानं ‘फार लांबतंय, 3 सेकंद करा’ म्हटलं होतं. आम्ही केलं नाही. बघणाऱ्याला थोडा कंटाळा आला तरच थांबणं पोचतं. (तुमच्या प्रेसच्या चाकावरही अशी रेघ मारून घ्या. रंगाचा खर्च नगण्य आहे आणि फिल्ममधली खूण शॉपमध्ये सापडते.)

‘नको’ कसं दाखवायचं

हे त्याहून अवघड. हात आत जातो, मग लाल फुली येते, अशी फिल्म सगळेच बनवतात. पण दारातून जाता जाता बघणाऱ्याला फुलीआधीची 2 सेकंदंच दिसली, तर त्याला दिसतो तो हात घालण्याचा धडा. म्हणून आम्ही हात डायच्या कडेलाच गोठवतो. डायच्या तोंडापुढे जाड लाल वर्तुळ आणि तिरपी पट्टी लगेच येते, आणि हात बाहेर असतानाच रॅम रिकाम्या जागी आदळतो. रक्त दाखवत नाही, लोक मान वळवतात आणि पुढचं हुकतं. हात उलटा मागे नेणारं ‘रिवाइंड’ही टाळतो, कारण ‘हात पटकन काढला की झालं’ असा त्याचा अर्थ लावलेला आम्ही ऐकला आहे.

वर्तुळ, त्रिकोण आणि रंग आम्ही मनानं काढत नाही. ISO 7010 या मानकाप्रमाणे मनाईला लाल वर्तुळ व तिरपी पट्टी, धोक्याला काळ्या कडेचा पिवळा त्रिकोण, करायच्या गोष्टीला निळं वर्तुळ. शॉपमधल्या पाट्या आणि फिल्म यांची भाषा एक राहावी एवढाच हेतू. आणि हाताला बोटं पाचच काढतो. कार्टूनच्या हाताला सवयीनं चार बोटं काढली जातात. प्रेस शॉपमध्ये ते चित्र वेगळंच काही सांगतं.

आवाज

फिल्म मोबाइलवर बघितली जाते आणि मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खोल आवाज निघतच नाही. रॅमचा ‘धप्प’ नाहीसा होतो. त्यामुळे त्यावर धातूची एक तीक्ष्ण टिचकी चढवावी लागते. धोक्यासाठी कारखान्याच्या भोंग्याचा आवाज कधीच वापरत नाही. रोज फिल्ममध्ये ऐकलेला भोंगा खऱ्या वेळी दुर्लक्षिला जाईल. चालू शॉपमध्ये स्क्रीन लावणार असाल तर आवाजावर भिस्त ठेवू नका. तिथे फिल्म मूकच समजली पाहिजे, म्हणून प्रत्येक फिल्म आम्ही आवाज बंद करूनही तपासतो.

फिल्म पुन्हापुन्हा चालवणाऱ्या स्क्रीनसाठी सुरुवातीला 1 सेकंद काळा पडदा ठेवतो, नाहीतर मध्येच पाहू लागलेल्याला शेवट आणि सुरुवात सलग दिसून चाक थांबण्याआधी हात आत गेलेला वाटतो.

चाचणी, आणि तुमचं काम

पेन्सिलच्या चित्रांवर आणि कच्च्या फिल्मवर, अशी दोनदा चाचणी होते. प्रेसवर काम न केलेले 10 कामगार आम्हाला एकेक करून हवेत, शक्यतो वेगवेगळ्या भाषांचे. सुपरवायझर बाजूला नको. ‘समजलं का?’ असं विचारत नाही, कारण त्याला सगळे ‘हो’ म्हणतात. ‘काय दिसलं? आता तू काय करशील?’ एवढंच त्याच्या भाषेत विचारून शब्द जसेच्या तसे लिहून घेतो. उलटा अर्थ एकानं जरी लावला, तरी तो प्रसंग पुन्हा काढतो.

10 माणसांवरून चुका सापडतात, चिन्ह समजतं असं प्रमाणपत्र मिळत नाही. अमेरिकेच्या ANSI Z535.3 मानकात चिन्हासाठी किमान 50 जणांची चाचणी, 85 टक्के बरोबर उत्तरं आणि उलटा अर्थ 5 टक्क्यांपेक्षा जास्त नको, अशी कसोटी आहे. ती हवी असेल तर वेगळं काम म्हणून करतो.

तुमच्याकडून लागेल ते असं: ऑपरेटरच्या जागेवरून मोबाइलनं काढलेला प्रेसचा व्हिडिओ, आयसोलेटर आणि पेडल नेमके कुठे आहेत त्याचे फोटो, आणि तुमच्या डाय सेटरचा अर्धा तास. आयसोलेटर फिल्ममध्ये डावीकडे आणि शॉपमध्ये खांबामागे असेल तर फिल्म निरुपयोगी. म्हणून तयार फिल्म आम्ही विकत नाही.

टनेज, तक्रार कुणाकडे करायची, अपघातानंतर कुणाला फोन करायचा, हे बिनशब्दांच्या फिल्मनं सांगता येत नाही. ते तुमच्या प्रशिक्षणात, तोंडी आणि त्या-त्या भाषेत सांगावं लागेल. आयसोलेटरला कुलूप अडकवायला भोकच नसेल, तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, नंतर आम्हाला.