मूलरोम, चेतापेशी, शुक्रपेशी : उत्तरातली मधली कडी

‘मूलरोम पेशीची रचना तिच्या कार्याला कशी अनुरूप असते, ते स्पष्ट करा’ या प्रश्नाला उत्तरपत्रिकांत वारंवार सापडणारे उत्तर असे असते : ‘मूलरोम लांब व पातळ असतात, त्यामुळे ते पाणी चांगले शोषतात.’ या वाक्यात खोटे काहीच नाही, तरीही त्याला पूर्ण गुण मिळत नाहीत आणि ते मला योग्यच वाटते. लांब व पातळ असणे ही रचना झाली, पाणी शोषणे हे कार्य झाले. पण लांबट आकारामुळे पाणी जास्त का शोषले जावे, हे सांगणारी मधली कडी वाक्यात नाही. ‘स्पष्ट करा’ या शब्दांनी परीक्षक नेमकी तीच कडी मागत असतो.

ती कडी शोधण्यासाठी मूलरोम जवळून पाहावा. मोहरीचे दाणे ओल्या टिपकागदावर झाकून ठेवले, तर दोन-तीन दिवसांत कोवळ्या मुळांभोवती पांढरी, मऊ लव दिसू लागते. या लवेतला प्रत्येक धागा म्हणजे मुळाच्या बाह्यत्वचेतील एकाच पेशीचा बाहेर वाढलेला भाग असतो. मूलरोम ही अनेक पेशींची बनलेली शाखा आहे असे लिहिले, तर पुढचे सगळे उत्तरच डळमळते. आणखी एक गोष्ट टिपकागदावर सहज दिसते : मुळाच्या अगदी टोकाला लव नसते, ती थोडी मागे सुरू होते. टोकाजवळचा भाग लांबत लांबत मातीतून पुढे सरकत असतो. तिथेच मूलरोम असते, तर ते मातीच्या कणांवर घासून तुटले असते. लांबणे थांबल्यावरच ते उगवतात.

आता थोडा हिशोब करू. बाह्यत्वचेच्या एखाद्या पेशीची मातीकडची बाजू १०० मायक्रोमीटर लांब व २० मायक्रोमीटर रुंद आहे असे धरू. म्हणजे तिचे क्षेत्रफळ २,००० चौरस मायक्रोमीटर झाले. त्याच पेशीतून १० मायक्रोमीटर व्यासाचा आणि ८०० मायक्रोमीटर लांबीचा, म्हणजे एक मिलिमीटरहूनही आखूड, मूलरोम निघाला, तर नळीच्या बाजूचे क्षेत्रफळ सुमारे २५,००० चौरस मायक्रोमीटर भरते. पेशी एकच राहिली, पण मातीतल्या पाण्याला टेकणारा तिचा पृष्ठभाग बारा-तेरा पटींनी वाढला. पाणी पेशीपटलातून आत येते. पटल जितके जास्त, तितके एका सेकंदात आत येणारे पाणी जास्त. हीच ती मधली कडी. शिवाय इतका बारीक धागा मातीच्या कणांमधल्या अरुंद फटींत शिरतो आणि जाड मूळ जिथे पोहोचूच शकत नाही तिथल्या पाण्याला भिडतो. १९३७ साली हॉवर्ड डिटमर या अमेरिकी संशोधकाने राय या तृणधान्याच्या चार महिने वाढवलेल्या एकाच रोपाची मुळे मोजली, तेव्हा मूलरोमांची संख्या सुमारे १,४०० कोटी आणि त्यांचा एकूण पृष्ठभाग सुमारे ४०० चौरस मीटर निघाला.

पृष्ठभागानंतर पेशीच्या आत पाहावे, कारण विद्यार्थ्यांची सर्वांत मोठी गफलत इथेच होते. मूलरोम पेशीत मोठी रिक्तिका असते आणि तिच्यातल्या पेशीरसात क्षार, शर्करा असे विरघळलेले पदार्थ मातीतल्या पाण्यापेक्षा जास्त असतात. म्हणून परासरणाने पाणी आपोआप आत येते आणि त्यासाठी श्वसनातली ऊर्जा थेट खर्च होत नाही. खनिजांचे मात्र उलट आहे. नायट्रेटसारखी आयने मातीत विरळ आणि पेशीत दाट असतात, त्यामुळे ती आत ओढायला सक्रिय वहन लागते. त्याची ऊर्जा तंतुकणिका पुरवतात. ‘भरपूर तंतुकणिका असल्याने पाणी शोषले जाते’ हे वाक्य म्हणूनच चुकीचे आहे. त्यात रचना खरी आहे आणि कार्यही खरे आहे, पण दोघांची गाठ भलत्याच ठिकाणी बांधली आहे.

अशी गाठ तपासण्याचा एक सोपा उपाय आहे : ते वैशिष्ट्य काढून टाकले किंवा परिस्थिती बदलली, तर नेमके काय बिघडेल, असा प्रश्न स्वतःला विचारावा. रोप उपटून दुसरीकडे लावले, की भरपूर पाणी घालूनही ते काही काळ मान टाकते, कारण उपटताना नाजूक मूलरोम तुटून मातीतच राहतात. माती खारट झाली, तर मूलरोम शाबूत असूनही रोप कोमेजते. बाहेरचे पाणीच पेशीरसाइतके किंवा त्याहून दाट झाल्यामुळे परासरण थांबते किंवा उलटे फिरते. माती पाण्याने तुडुंब भरून हवा नाहीशी झाली, तर ऑक्सिजनअभावी श्वसन मंदावते आणि खनिजांचे सक्रिय वहन बंद पडू लागते. पहिला बिघाड पृष्ठभागाचा, दुसरा रिक्तिकेचा आणि तिसरा तंतुकणिकांचा आहे.

या साऱ्यावरून उत्तर असे लिहिता येईल : ‘मूलरोम हा बाह्यत्वचेतील एका पेशीचा लांब व बारीक वाढलेला भाग असतो. त्यामुळे पेशीचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने पुष्कळ वाढतो आणि परासरणाने एकाच वेळी जास्त पाणी आत येऊ शकते. पेशीत पुष्कळ तंतुकणिका असतात. त्यांतून मिळणाऱ्या ऊर्जेवर खनिज आयने कमी संहतीकडून जास्त संहतीकडे आत घेतली जातात.’ ‘हरितलवके नसतात’ हे वाक्य मी इथे लिहिणार नाही. ते खरे आहे, पण त्याने शोषण कसे वाढते हे कळत नाही. प्रश्नच तसा असेल, तर मुळांना प्रकाश मिळत नसल्याने हरितलवके निरुपयोगी ठरतात, असे कारणासह लिहावे.

चेतापेशीच्या बाबतीत हीच चूक वेगळ्या रूपात येते. ‘अक्षतंतू लांब असतो, म्हणून आवेग वेगाने जातो’ असे लिहिले जाते. पण लांबीने वेग वाढत नाही. पाठीच्या कण्यापासून पायापर्यंत जाणारा अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असू शकतो. त्यातून सेकंदाला ५० मीटर वेगाने आवेग गेला, तर त्याला एका सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. तेच अंतर एकेक मिलिमीटरच्या हजार पेशी जोडून कापायचे असते, तर प्रत्येक जोडावरची फट रसायनांच्या मदतीने ओलांडावी लागली असती. त्यात दर वेळी साधारण अर्धा मिलिसेकंद जातो. म्हणजे नुसत्या फटींतच अर्धा सेकंद गेला असता. लांबीचा फायदा हा आहे : वाटेतले थांबे टळतात. वेग वाढवण्याचे काम मायलिनचे आवरण करते. ते ठरावीक अंतरावर खंडित असते आणि आवेग त्या उघड्या जागांवरून जणू उड्या घेत पुढे जातो. मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात हे आवरण नष्ट होते, अक्षतंतूची लांबी तेवढीच असूनही आवेग मंदावतो किंवा अडतो, आणि दृष्टी व हालचाली बिघडतात.

शुक्रपेशीबद्दल फार लिहावे लागत नाही, फक्त तिचे भाग सुटे मांडू नयेत. मध्यभागात तंतुकणिका सर्पिलाकार दाटलेल्या असतात, कारण लागूनच असलेल्या शेपटीच्या हालचालीला ऊर्जा हवी असते. म्हणून शेपटी आणि तंतुकणिका एकाच वाक्यात याव्यात. डोक्यावरच्या टोपीसारख्या पिशवीतली विकरे अंडपेशीभोवतीचे आवरण विरघळवतात. केंद्रकात ४६ ऐवजी २३ गुणसूत्रे असतात. ही संख्या अनेक जण लिहितात, पण अंडपेशीच्या २३ गुणसूत्रांशी मिळून फलित अंडपेशीत पुन्हा ४६ होतात, हे अर्धे वाक्य मात्र बहुधा राहून जाते.