एका शर्टामागे खरी मजुरी किती? रोज, नगाचा भाव आणि खोळंब्याचा हिशेब

मे महिना लागला की शाळांच्या गणवेशाचं काम घेणारे आमचे ग्राहक रात्री दहापर्यंत गाळे उघडे ठेवतात. जुलैत तेच मालक वह्या घेऊन आमच्याकडे येतात आणि विचारतात, "माल सगळा गेला, पैसेही आले, मग हातात काही का उरलं नाही?" वह्या उघडल्यावर बहुतेक वेळा घोळ एकाच जागी सापडतो. भाव सांगताना तासाची मजुरी चुकीची धरलेली असते. हे पत्रक त्या एका आकड्याबद्दल आहे.

कुर्ल्यात पाच टेलरांचा गाळा आहे असं धरू. टेलरला रोज ८०० रुपये, आठ तासांची पाळी, महिन्याला २६ दिवस. मालक ८०० ला ८ ने भागतो आणि तासाला १०० रुपये धरतो. शाळेचा एक शर्ट ४० मिनिटांत होतो, म्हणून शर्टामागे मजुरी ६७ रुपये, असं म्हणून तो शाळेच्या पुरवठादाराला भाव देतो.

या भागाकारात दोन गोष्टी सुटल्या आहेत. पहिली म्हणजे टेलरवर होणारा खर्च ८०० वर थांबत नाही. बोनस, भरपगारी सुट्ट्या, ईएसआय, भविष्य निर्वाह निधी यांतलं जे जे आपल्याला लागू असेल ते मजुरीचाच भाग आहे, ते पैसे वर्षातून एकदाच खिशातून गेले तरी. आपल्या उदाहरणात हे सगळं महिन्यावर वाटून ५,२०० रुपये धरू. पगार २०,८००, वरचे ५,२००, एकूण २६,०००. महिन्याचे तास २०८. म्हणजे आपण विकत घेतलेला तास १०० चा नसून १२५ चा आहे.

दुसरी गोष्ट, विकत घेतलेला प्रत्येक तास शिलाईत जात नाही. बॉबिन भरायची, सुई बदलायची, मशीनला तेल द्यायचं, एक बंडल संपून दुसरं हातात यायचं, चहा घ्यायचा. कितीही शिस्तीचा गाळा असला तरी हा वेळ जाणारच. कॉस्टिंगमध्ये याला सामान्य खोळंबा म्हणतात. आपल्या गाळ्यात तो दिवसाला एक तास आहे असं धरू. मग महिन्यात खरी शिलाई १८२ तासांची. २६,००० भागिले १८२, म्हणजे तासाला साधारण १४३ रुपये. शर्टामागे मजुरी ९५ रुपये झाली, ६७ नाही. हजार शर्टांवर २८,००० रुपयांच्या वर फरक पडतो, आणि जुलैत न सापडणारे पैसे हेच.

सामान्य खोळंबा असा तासाच्या दरातच चढवावा, म्हणजे तो आपोआप प्रत्येक शर्टावर बसतो. काही जण तो वेगळा काढून कारखान्याच्या वरखर्चात टाकतात, तेही चालतं. मात्र दोन्हीकडे धरू नये. आम्ही तपासलेल्या हिशेबांत हा दुबार आकार पुष्कळदा दिसतो, आणि मग भाव उगाच चढा होऊन ऑर्डर हातची जाते.

पाणी भरलं तेव्हाचे दोन दिवस

आता जुलैतलाच प्रसंग घेऊ. गल्लीत गुडघाभर पाणी, मीटरची पेटी बंद, दोन दिवस वीज नाही. पाचही टेलर हजर होते, रोज द्यावाच लागला. पाच माणसं, दोन दिवस, आठ तास, म्हणजे ८० तास. १२५ ने गुणले तर १०,००० रुपये.

हे पैसे त्या महिन्याच्या शर्टांवर वाटायचा मोह होतो. उरलेल्या २४ दिवसांत १,२६० शर्ट झाले, म्हणजे शर्टामागे आठ रुपये वाढवले की झालं, असं वाटतं. तसं करू नका. शर्टाला लागणारे श्रम वाढलेले नाहीत, कापड तेच आणि शिलाई तीच. हे आठ रुपये शर्टात घातले तर पुढच्या वर्षी भाव काढताना जुलैचा आकडा समोर येईल आणि आपण पावसाचं पाणी ग्राहकाला विकायला निघू. पाणी भरणं, मोठा बिघाड, संप, कापडाचा ट्रक अडकून पडणं, हा असामान्य खोळंबा. त्याची मजुरी सरळ कॉस्टिंगच्या नफा-तोटा खात्यात जाते. परिव्यय लेखापालांच्या संस्थेचं कर्मचारी खर्चाविषयीचं सातवं मानकही असामान्य खर्च मालाच्या किमतीबाहेरच ठेवायला सांगतं.

इथे एक बारीक गोष्ट आहे. हे ८० तास आपण १२५ ने मोजले, १४३ ने नाही. १४३ मध्ये रोजचा सामान्य खोळंबा आधीच आहे आणि तो फक्त शिलाईच्या तासांना लागतो. ताळा घेऊन बघा. २४ दिवसांचे शिलाईचे तास ८४०, त्यांची मजुरी १,२०,००० शर्टांवर गेली. १०,००० नफा-तोट्यात गेले. बेरीज १,३०,०००, आणि पाच टेलरांचा महिन्याचा खर्चही पाच गुणिले २६,०००, म्हणजे तेवढाच. दर महिन्याला हा ताळा जुळला पाहिजे. जुळला नाही तर कुठेतरी काही तास हिशेबातून गळले आहेत.

"मग सगळ्यांना नगावरच ठेवतो"

हे ऐकल्यावर बरेच मालक असं म्हणतात. शर्टाला ७० रुपये द्यायचे, बसून राहिला तर त्याचं नुकसान, आपल्याला काय! विचार सोपा वाटतो, पण खोळंबा त्याने नाहीसा होत नाही. तो मालकाच्या वहीतून उठून कारागिराच्या खिशात जाऊन बसतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकराला विणलेल्या कापडावर मजुरी मिळायची. सूत निकृष्ट आलं की धागा वारंवार तुटायचा, माग थांबायचा आणि पगार मात्र विणकराचा कापला जायचा, सूत त्याने निवडलेलं नसतानाही. गिरणगावातल्या घरांना ही गोष्ट सांगावी लागत नाही. आपल्या गाळ्यात त्या सुताची जागा उशिरा येणाऱ्या कटिंगच्या बंडलने घेतली आहे.

कायदाही हा भार पूर्ण कारागिरावर टाकू देत नाही. नगावर काम करणाऱ्याला, त्या कामासाठी वेळेवरचं किमान वेतन ठरलेलं असेल तर, त्यापेक्षा कमी देता येत नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात ही तरतूद होती, २०१९ च्या वेतन संहितेतही ती आहे. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, म्हणून नगाचा भाव तेव्हा पुन्हा तपासावा लागतो.

समजा आपण दिवसाला ६०० रुपयांची हमी दिली आहे आणि तो आकडा लागू असलेल्या किमान वेतनाच्या खाली नाही. एके दिवशी बंडल उशिरा आलं आणि टेलरचे सहाच शर्ट झाले. नगाने ४२० होतात, वर १८० भरून द्यावे लागले. हे १८० त्या सहा शर्टांच्या माथी मारू नका. शर्टाची मजुरी ७० च आहे. भरपाई वेगळ्या ओळीत लिहा. नेहमीच्या ओढाताणीतून आली असेल तर ती वरखर्चात जाते, पाणी-बिघाडासारख्या कारणाने आली असेल तर नफा-तोट्यात. ही ओळ महिनाभर भरत राहिली तर कटिंगच्या टेबलाकडे बघा. टेलर मंद आहेत हा निष्कर्ष घाईचा ठरेल.

तुलना नीट करायची तर ७० ला थेट ९५ शेजारी ठेवता येत नाही. बोनस, ईएसआय वगैरे नगावरच्या माणसालाही नियमांत बसत असेल तर लागतं. तोच चौथा हिस्सा धरला तर ८७.५० होतात. घाईत शिवलेल्या शंभरातले चार शर्ट उसवून पुन्हा शिवावे लागले आणि रोजावरच्या माणसाचे त्यावर दोन तास गेले, तर शर्टामागे आणखी जवळजवळ तीन रुपये. रोजावर दुरुस्ती नगण्य आहे असं धरलं तरी फरक पाच रुपयांच्या आत येतो.

नगाच्या पद्धतीचा खरा फायदा गाळ्याच्या खर्चात आहे. भाडं, विजेचा स्थिर आकार, सुपरवायझर, हेल्पर, प्रेसवाला मिळून महिन्याला ६०,००० धरा. रोजावर दिवसाला साडेदहा शर्टांच्या हिशेबाने पूर्ण महिन्यात १,३६५ शर्ट होतात, म्हणजे शर्टामागे ४४ रुपये. नगावर तेच टेलर १३ शर्ट काढू लागले तर १,६९० होतात आणि हा खर्च साडेपस्तिसावर येतो. पण बंडल वेळेवर मिळालं तरच! नाहीतर मजुरी वाचते आणि गाळ्याचं भाडं शर्टावर चढतं.

म्हणून एकसारख्या लांब कामाला नग आणि नमुना, दुरुस्ती, तपासणी यांना रोज, असं आम्ही सुचवतो. कटिंग मास्टरला तर नगावर ठेवूच नका. त्याच्या घाईत वाया जाणारं कापड त्याच्या मजुरीपेक्षा महाग पडतं.

खोळंबा लपतो कुठे

दोन कागद लागतात. हजेरी सांगते माणूस गाळ्यात किती वेळ होता, आणि जॉब कार्ड सांगतं तो कोणत्या बंडलवर किती वेळ होता. दोन्हींतला फरक हा खोळंबा. त्याच्यासमोर कारण लिहा: बंडल नाही, मशीन बंद, वीज नाही, साइज कळवलेली नाही. कारण त्याच वेळी लिहायला हवं, संध्याकाळी आठवून नाही.

कार्डावर रोज बरोबर आठ तास भरत असतील तर ते कार्ड घरी जायच्या वेळी भरलेलं असतं. त्याहून पक्की खूण अशी: तोच शर्ट गर्दीच्या आठवड्यात ४० मिनिटांत होतो आणि मंदीच्या आठवड्यात ५५ मिनिटांत. टेलर बदललेला नाही. काम पुरवून वापरलं गेलं आहे आणि १५ मिनिटांचा खोळंबा शिलाईच्या नावाने शर्टात शिरला आहे. असा शर्ट महाग दिसतो आणि खोळंब्याचा रकाना रिकामा राहतो. माणसाला रागावून हे थांबत नाही. रिकामा वेळ लिहिला तर रोज कापला जाणार नाही, हे त्याला ठामपणे सांगितलं की कार्ड खरं भरू लागतं.

सकाळी बंडलअभावी दोन तास गेले आणि संध्याकाळी तेच काम जादा वेळेत दुप्पट दराने झालं, तर वरचा अर्धा भाग त्या ऑर्डरवर टाकू नका. ग्राहकानेच घाई करून मागितलं असेल तर मात्र तो त्याच्या ऑर्डरवरच बसतो, आणि हे भाव ठरवतानाच त्याला सांगून टाकावं.

भेटीला येताना मागच्या महिन्याची हजेरी, पगारपत्रक आणि किमान एका आठवड्याची जॉब कार्डं घेऊन या. कार्डं नसतील तर एका टेलरची, एका आठवड्याची, साध्या वहीत लिहिलेली नोंदही पुरेल. तेवढ्यावरून तुमच्या गाळ्याचा १४३ चा आकडा आपण एकत्र बसून काढू.