खोटे मोशन अलर्ट (घरगुती कॅमेरा)

घरातल्या किंवा दारातल्या कॅमेऱ्याने माणूस नसताना किडा, सावली, हलणारं झाड असल्या कारणाने फोनवर पाठवलेली ‘हालचाल दिसली’ अशी सूचना. दिवसाला दोनचार आल्या तर कोणी मनावर घेत नाही, पण सततच यायला लागल्या की लोक नोटिफिकेशनच म्यूट करून टाकतात आणि मग कॅमेरा नुसता भिंतीवर राहतो.

घरगुती कॅमेऱ्याची सुरुवात बऱ्याचदा मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन यांच्या पेटंटपासून धरतात (अर्ज १९६६, मंजुरी १९६९). पण त्यात दारावरचा कॅमेरा, आतला पडदा आणि दार उघडायची सोय होती, चित्र बघून हालचाल ओळखणं नव्हतं, त्यामुळे या नोंदीपुरतं ते मूळ मानायला नको. चित्रातली हालचाल ओळखायची साधी रीत म्हणजे आत्ताची फ्रेम आणि आधीचं चित्र यांची वजाबाकी करायची आणि किती पिक्सेल बदलले ते मोजायचे. १९९९ साली स्टॉफर आणि ग्रिमसन यांनी दर पिक्सेलला एकच रंग न धरता दोनचार शक्यता लक्षात ठेवायची पद्धत मांडली, म्हणजे एकाच जागी कधी पान कधी आभाळ दिसलं तरी दोन्ही ‘नेहमीचंच’ ठरतं. ओपनसीव्ही या चित्रं तपासायच्या मोफत सॉफ्टवेअरमधल्या MOG2 पद्धतीमागे हीच कल्पना आहे. तिथे मूळ सेटिंगला मागच्या ५०० फ्रेमची आठवण असते, सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर फक्त २० सेकंद, म्हणून तासभर वारा पडलेला असला आणि अचानक झुळूक आली की पहिला अलर्ट येतोच. स्वस्त कॅमेऱ्यांत नक्की कुठली पद्धत असते ते कंपन्या सहसा सांगत नाहीत, पण अलर्ट वारा सुटताना येतात आणि वाहत राहिला की कमी होतात असं दिसलं तर आत असलंच काहीतरी आहे असं धरायला हरकत नाही.

किडे कशामुळे येतात यावर मतभेद आहेत. कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्याकडे किडे ओढले जातात असं सर्रास सांगितलं जातं. हे दिवे साधारण ८५० नॅनोमीटरचे (अंधारात बारीक लाल ठिपके दिसतात ते) नाहीतर ९४० चे (अजिबात न दिसणारे) असतात, आणि बहुतेक किड्यांची नजर अतिनील ते फारतर लाल इथपर्यंतच, म्हणजे ८५० सुद्धा त्यांना दिसायला नको. २०२४ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये आलेल्या अभ्यासाप्रमाणे तर किडे साध्या दिव्याकडेही ‘ओढले’ जात नाहीत, ते उजेडाकडे पाठ करून उडतात आणि दिवा जवळ असला की त्या सवयीपायी त्याच्याभोवतीच घिरट्या घालत अडकतात. हे धरलं तर खरा गुन्हेगार कॅमेऱ्याशेजारची ट्यूबलाईट, आणि कॅमेरा फक्त तिथे येणाऱ्या किड्यांना उजळून दाखवतो. प्रस्तुत नोंद याच बाजूची आहे. कोळी मात्र येतो तो आडोसा आणि भक्ष्य बघून, आणि त्याचं जाळं लेन्ससमोर आलं की एकेक तार रात्री पांढरी चमकते, वाऱ्याने हलते, अलर्ट चालूच.

उदाहरणादाखल रत्नागिरीकडचं एक घर घेऊ. माणसं डोंबिवलीला, पडवीच्या वाशाला कॅमेरा, शेजारी ट्यूबलाईट, ५ मीटरवर तुळशीवृंदावन, १० मीटरवर फाटक आणि मधे नारळाची एक झावळी खाली आलेली. जूनच्या पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या वाळव्या निघाल्या त्या रात्री डोंबिवलीत फोन थांबेचना. क्लिप उघडली की काळ्या पडद्यावर एक पांढरी जाड रेघ सर्रकन जाते, बास. घरच्यांनी सेन्सिटिव्हिटी पार खाली आणली, किडे काही थांबले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरवाला फाटकाशी येऊन गेला त्याचा अलर्टच नाही.

का ते हिशोबाने बघू. चित्र ६४० गुणिले ४८० चं आणि लेन्सचा कोन ९० अंश धरला तर ५ मीटरवर पडद्याच्या रुंदीत १० मीटर मावतात, म्हणजे मीटरला ६४ पिक्सेल. तिथला माणूस साधारण २ हजार पिक्सेल भरतो आणि फाटकाशी, दुप्पट अंतरावर, त्याच्या चौथाई म्हणजे ५०० च्या आसपास. आता १ सेंटीमीटरची वाळवी लेन्सपासून १० सेंटीमीटरवर आली तर ती ५ मीटरवरच्या अर्ध्या मीटरच्या वस्तूएवढी दिसते, हजारेक पिक्सेल. वरून रात्री शटर सावकाश उघडझाप करतं त्यामुळे उडणाऱ्या किड्याची लांब रेघ होते आणि आकडा तीनचार हजारांवर जातो. उजेडाचंही तसंच, अंतर ५० पट कमी म्हणजे उजेड हिशोबाने अडीच हजार पट (दिवा लेन्सच्या बाजूला असतो म्हणून प्रत्यक्षात कमी). लिनक्सवरच्या ‘मोशन’ या प्रोग्रॅमचा मूळ `threshold`, म्हणजे किती पिक्सेल बदलले की हालचाल धरायची तो आकडा, १५०० आहे, या चित्रात तो ठेवला तर वाळवी पास आणि पेपरवाला नापास. सेन्सिटिव्हिटी ही आकाराची चाळणी आहे, आणि इथे नको ते मोठं, हवं ते बारीक. ती कितीही फिरवली तरी या घरात जमणार नव्हतं.

जमलं ते असं. आधी ट्यूबलाईट पडवीच्या दुसऱ्या टोकाला नेली, जाळं फडक्याने काढलं. मग कॅमेऱ्याचे स्वतःचे इन्फ्रारेड दिवे बंद करून दोनेक मीटर बाजूला वेगळा इन्फ्रारेड दिवा फाटकाच्या दिशेने लावला, त्याने लेन्सजवळचा किडा अंधारातच राहतो. त्यानंतर झोन, म्हणजे चित्राच्या जेवढ्या भागात हालचाल बघायची तेवढा आखलेला तुकडा. झोन आखताना एक गल्लत नेहमी होते, झोन जमिनीवर नसतो, चित्रावर असतो. झावळी फाटकाच्या बरीच अलीकडे होती पण चित्रात फाटकावरच येत होती, त्यामुळे झोनमधून ती काढली की फाटकाचा वरचा भागही गेला. शेवटी झावळी तोडली (झाड नव्हे, झावळी) आणि झोन फाटकापासून पायवाटेपर्यंत, माणसाचे पाय पडतात तिथपासून कमरेपर्यंत येईल तेवढाच ठेवला. फ्रिगेटसारख्या, चित्रातला माणूस ओळखणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो माणूस झोनमध्ये आहे की नाही हे त्याच्याभोवतीच्या चौकटीच्या खालच्या कडेच्या मध्यावरून ठरतं, तिथे पायवाटेएवढा झोन पुरतो. साध्या वजाबाकीवाल्या कॅमेऱ्यात मात्र तो कमरेपर्यंत वर घ्यावा लागतो, नाहीतर मोजायला पिक्सेलच उरत नाहीत. हे सगळं झाल्यावर `threshold` उलट खाली आणला, २०० वर, आणि वर हे दोन:

```
minimum_motion_frames 5
lightswitch_percent 20
```

पहिल्याने हालचाल सलग पाच फ्रेम दिसल्याशिवाय अलर्ट नाही, सर्रकन जाणारा किडा बहुतेक वेळा त्यात गळतो. दुसऱ्याने चित्राचा बराच भाग एकदम बदलला, म्हणजे गाडीचे हेडलाईट पडले किंवा ऊन ढगाआड गेलं, तर ते सोडून दिलं जातं.

सावलीवर इतका चांगला उपाय नाही. MOG2 सावलीचे पिक्सेल वेगळ्या राखाडी खुणेने दाखवतं, पण सकाळची लांब गडद सावली कधीकधी वस्तू म्हणूनच धरली जाते. अलर्टच्या वेळा लिहून काढल्या आणि ते रोज ठराविक वेळेच्या आसपासच येत असले, ढगाळ दिवशी नसले, तर सावली समजावी आणि झोनची ती कड आत घ्यावी. बॅटरीवरच्या कॅमेऱ्यांत बऱ्याचदा पिक्सेलऐवजी उष्णता बघणारा पीआयआर सेन्सर असतो. त्याला किडे सहसा कळत नाहीत, पण विदर्भात मे महिन्यात भिंतच अंगाएवढी तापली की माणूसही नीट कळत नाही.