चुकीच्या व्यक्तीला गेलेला संदेश (व्यावसायिक संपर्क)

सहकाऱ्यासाठी लिहिलेला मजकूर व्यावसायिक ओळखीच्या भलत्याच माणसाकडे जाणे, ही नव्या ओळखी जोडताना होणारी नेहमीची चूक आहे. तिच्यात बहुधा दोन चुका मिसळलेल्या असतात. एक पत्त्याची, म्हणजे संदेश नको तिथे गेल्याची, आणि दुसरी मजकुराची, म्हणजे त्या माणसाने वाचू नये असे काही लिहिले गेल्याची. मजकूर निरुपद्रवी असेल, तर ‘चुकून आपल्याकडे आला, क्षमस्व’ एवढ्या एका ओळीवर विषय संपतो व संपवावा. मजकूर वाचणाऱ्याविषयीच असेल, तर मात्र केवळ पत्त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करणे हा संबंध बिघडण्याचा सर्वांत हमखास मार्ग ठरतो, कारण पाठवणाऱ्याला लिहिल्याचे नव्हे, सापडल्याचे वाईट वाटते आहे असा त्याचा अर्थ होतो.

संदेश मागे घेण्याच्या सोयी मर्यादित आहेत. जीमेलमधील ‘अनडू सेंड’ ही सोय मेल परत आणत नाही, तर ती पाठवण्यापूर्वी काही काळ रोखून धरते; हा काळ ५ ते ३० सेकंदांपर्यंत ठरवता येतो. व्हॉट्सॲपवर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’साठी २०२२पासून दोन दिवसांहून थोडा अधिक अवधी मिळतो, परंतु संदेश पुसल्याची खूण चॅटमध्ये राहते आणि मूळ मजकूर मोबाइलच्या नोटिफिकेशनमध्ये आधीच वाचला गेलेला असू शकतो. निळ्या खुणा दिसल्या नाहीत, म्हणजे वाचले गेले नाही, असे त्यामुळे धरून चालता येत नाही. पुसायचेच असेल, तर पुसल्यावर लगेच कारण सांगावे. नुसती पुसल्याची खूण मजकुरापेक्षाही अधिक शंका निर्माण करते.

उदाहरणादाखल, भोसरी एमआयडीसीतील एका लहान वर्कशॉपचा मालक घेऊ. एका औद्योगिक प्रदर्शनात त्याची एका कंपनीच्या खरेदी अधिकारी बाईंशी ओळख झाली आणि त्याने एका सुट्या भागासाठी नगाला ४२० रुपये दर कळवला. भागीदाराला लिहिलेला ‘मॅडमना ४२० सांगितलेत, ३९० लाही जमतंय, आधी ताणून बघू’ हा संदेश त्यांच्याकडेच गेला. दरात थोडी जागा राखणे हा व्यवहाराचाच भाग आहे, हे खरेदी विभागातील कोणालाही ठाऊक असते. त्यामुळे येथे खरा धोका उघड झालेल्या दरापेक्षा त्यावर रचल्या जाणाऱ्या सबबीचा आहे. ‘तो दर दुसऱ्या पार्टसाठी होता’ असे सांगितले, तर पुढच्या प्रत्येक कोटेशनकडे संशयानेच पाहिले जाईल. योग्य उत्तर साधारण असे होईल : ‘मॅडम, मघाचा मेसेज भागीदारासाठी होता, तो चुकून तुमच्याकडे आला. त्यातला दर खरा आहे. ३९० ला जमतं हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, ती चूक माझी. सुधारित कोटेशन आज संध्याकाळपर्यंत मेल करतो.’ ३९० चा हिशोब ठरावीक संख्या धरून केलेला असेल, तर ती संख्याही याच उत्तरात सांगावी. ती नंतर पुढे केल्यास पळवाट वाटते.

या उत्तरात क्षमेची याचना नाही. रॉय लेविकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माफीच्या सहा घटकांपैकी जबाबदारी मान्य करणे सर्वांत परिणामकारक आणि त्याखालोखाल नुकसानभरपाईची तयारी दाखवणे महत्त्वाचे आढळले. क्षमा करण्याची विनंती सर्वांत कमी उपयोगाची ठरली. वारंवार माफी मागितल्याने समोरच्यावरच समजूत घालण्याचे काम येऊन पडते. कोटेशन वेळेवर पोहोचल्यानंतर त्या प्रसंगाचा उल्लेख पुन्हा करू नये. बाईंनी ड्रॉइंगमधील टॉलरन्सबद्दल किंवा नमुन्याच्या तारखेबद्दल विचारणा केली, तर संबंध पूर्ववत कामावर आला असे समजावे. केवळ ‘नोटेड’ एवढेच उत्तर आले, तर दुसरा खुलासा न पाठवता पुढील चौकशीची किंवा कामाच्या खऱ्या निमित्ताची वाट पाहावी.

संदेशात तिसऱ्याच ग्राहकाचे दर किंवा ड्रॉइंग असेल, तर हे सर्व अपुरे पडते. ज्याच्याकडे ती चुकून गेली, त्याला फाइल न उघडता पुसण्याची विनंती करावी आणि ज्याची माहिती गेली त्या ग्राहकाला, कोणती फाइल, कोणाकडे व किती वाजता गेली हे त्याच दिवशी आपणहून कळवावे. गोपनीयतेचा करार झालेला असेल, तर त्यातील कळवण्याची अट आधी पाहावी, कारण उशिरा कळवणे हा स्वतंत्र करारभंग ठरू शकतो. येथे तो ग्राहक हातचा जाण्याची शक्यता खरी असते आणि उत्तम माफीनेही ती नेहमीच टळत नाही.