उठावाचे खांब (क्रोशाकाम)

क्रोशाच्या विणीत खालच्या खांबाच्या माथ्यावरच्या साखळीत सुई न घालता त्याच्या बुंध्याभोवती सुई फिरवून विणलेला खांब म्हणजे उठावाचा खांब. त्याचे दोन प्रकार आहेत, फ्रंट पोस्ट आणि बॅक पोस्ट. अमेरिकन पद्धतीच्या नमुन्यांत त्यांच्यासाठी FPdc आणि BPdc ही अक्षरे येतात. ब्रिटिश पद्धतीत हेच खांब FPtr आणि BPtr असे लिहितात. त्यामुळे नमुना कोणत्या पद्धतीचा आहे हे आधी पाहावे, नाहीतर प्रत्येक खांब एका वेढ्याने चुकतो.

फ्रंट पोस्टसाठी सुईवर एक वेढा घेऊन सुई पुढून मागे घालतात, खांबाच्या पाठीमागून नेतात आणि पलीकडून पुन्हा पुढे काढतात. मग लोकर ओढून नेहमीसारखा खांब पूर्ण करतात. लोकरीचा फास खांबाच्या मागून जात असल्याने खांब पुढे ढकलला जातो आणि त्याच्या माथ्याची साखळी मागे आडवी पडते. बॅक पोस्टमध्ये सुई मागून पुढे येऊन खांबाच्या पुढून मागे जाते, म्हणून तो खांब आत दबतो. दोन्ही खांब माथ्याऐवजी बुंध्यावरून सुरू होतात, त्यामुळे ओळीची उंची साध्या खांबांच्या ओळीपेक्षा कमी भरते. ओळ उलटताना तीनऐवजी दोनच साखळ्या घालतात त्या यासाठीच. तीन घातल्या तर कडेला फुगे येतात.

एक फ्रंट, एक बॅक असे आलटून पालटून विणले की सुलट-उलट विणीसारखी ताणणारी पट्टी तयार होते. उभे खांब एकाआड एक पुढे-मागे गेल्याने कापड पंख्याच्या घडीसारखे आकसते आणि ओढले की रुंदीत उघडते. गोल विणताना काम उलटत नाही, म्हणून फ्रंटवर फ्रंट आणि बॅकवर बॅकच येतो. ओळी उलटून विणताना मात्र मागच्या ओळीतला फ्रंट पोस्ट आपल्या बाजूने दबलेला दिसतो, त्याच्यावर बॅक घ्यायचा. मागच्या ओळीत काय विणले ते आठवत बसू नये. समोर जो खांब उठून दिसतो त्यावर फ्रंट, दबलेल्यावर बॅक, एवढे पुरते. दोन ओळींनंतर उभ्या रेघांऐवजी चौकटीसारखी जाळी दिसू लागली, तर हा क्रम उलटा झाला आहे.

या पट्टीला लोकर जास्त लागते आणि ती जाडही होते. कानटोपीच्या कडेला ती छान बसते, पण पातळ स्वेटरच्या मनगटाला जडच वाटते. तिथे मुके खांब फक्त मागच्या धाग्यातून विणून केलेली आडवी पट्टी बरी. लोकर ताणून परत आकसते, सुती दोरा तितका आकसत नाही. म्हणून सुती पट्टी काही दिवसांत सैल पडते. अंगाच्या विणीपेक्षा पट्टीला एक नंबर बारीक सुई वापरली तर पकड सुधारते.

वेणीची नक्षी ही मुळात दोन सुयांच्या विणकामाची, आयर्लंडच्या अरन बेटांच्या स्वेटरांनी प्रसिद्ध झालेली. क्रोशात ती फ्रंट पोस्ट एकमेकांवरून ओलांडून साधतात. चार खांबांची वेणी करून पाहायची तर १६ साखळ्या घालून चौथ्या साखळीपासून खांब विणावेत. सुरुवातीच्या तीन साखळ्या एक खांब धरून १४ होतात. ही ओळ उलट बाजूची. सुलट बाजूच्या पुढच्या ओळीत ५ अर्धे खांब, ४ फ्रंट पोस्ट, ५ अर्धे खांब. तिसऱ्या ओळीत तसेच, फक्त मधल्या चारांवर बॅक पोस्ट. पार्श्वभूमीला अर्धे खांब घ्यायचे कारण उठावाच्या खांबाची उंची जवळपास तेवढीच भरते. पूर्ण खांब घेतले तर वेणी आखडून कापडाला चुण्या पडतात.

चौथ्या ओळीत वेणी वळते. ५ अर्धे खांब झाल्यावर दोन खांब सोडून पुढच्या दोहोंभोवती दोन वेढ्यांचे उंच फ्रंट पोस्ट विणावेत. मग त्यांच्या पुढून परत येऊन सोडलेल्या दोहोंभोवती तसेच दोन, आणि शेवटी ५ अर्धे खांब. तिरपे जायला लांबी लागते, एका वेढ्याचा खांब तिथे ताणून बसतो आणि भोके पडतात. सोडलेले खांब पुढून विणले की वरची जोडी डावीकडे झुकते. मागून विणले तर पहिली जोडी वर राहून उजवीकडे झुकते (डावखुऱ्यांना दिशा उलट्या). पुढच्या उलट ओळीत बॅक पोस्ट घेताना माथ्यांच्या क्रमाने जावे आणि सुई बुंध्याच्या वरच्या टोकाशी घालावी, कारण मध्यभागी जोड्या एकमेकींवर असतात. मग सहावी ओळ दुसरीसारखी, सातवी तिसरीसारखी, आणि आठव्या ओळीत पुन्हा वळण.

सर्वांत जास्त फसगत होते ती चौथ्या फ्रंट पोस्टनंतर. त्याच्या मागे खालच्या खांबाचा माथा रिकामा दिसतो आणि हात आपोआप तिथे जातो. त्यात विणले की ओळीत १५ खांब होतात आणि वेणी बाजूला सरकू लागते. तो माथा वापरला गेला असे समजून सोडायचा आणि ओळ संपली की १४ मोजायचे.